पोटॅशियम मूत्रपिंडातून गेले की आतड्यातून: २४ तासांचा कॅन बरा की एकच नमुना?

रक्तातील पोटॅशियम कमी आले, नमुना पुन्हा तपासून खात्री झाली, औषधांची यादी पाहून झाली, इन्सुलिन किंवा थायरॉइडमुळे पोटॅशियम पेशींत शिरल्याची शक्यताही मागे पडली, तरी कारण सापडत नाही, अशा टप्प्यावरील डॉक्टरांसाठी हा आढावा आहे. आता प्रश्न उरतो तो पोटॅशियम शरीराबाहेर कोणत्या वाटेने गेले हा. त्याचे उत्तर लघवीतील पोटॅशियम आणि रक्ताची आम्ल-अल्कली स्थिती ही जोडी देते, यावर दुमत नाही. मतभेद आहे तो लघवीला हा प्रश्न कसा विचारावा यावर. २४ तासांची लघवी गोळा करावी, एका नमुन्यातील पोटॅशियमचा नुसता आकडा पाहावा, की त्याच नमुन्यातील क्रिएटिनिनने त्याला भागावे? तिन्ही पद्धती मी वापरल्या आहेत आणि माझा कल कुठे आहे हे पुढे लपणार नाही.

ग्रंथांचा पाठिंबा सर्वांत जुना आहे तो कॅनला. रक्तातील पोटॅशियम घटल्यावर निरोगी मूत्रपिंड काही दिवसांत हात आखडता घेते आणि दिवसभरात २५ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा कमी पोटॅशियम बाहेर सोडते. कॅनमध्ये त्याहून बरेच जास्त निघाले, तर गळती मूत्रपिंडातून आहे असे म्हणता येते. सकाळ-संध्याकाळचा फरक, जेवणाआधीचा आणि नंतरचा फरक हे सारे २४ तासांत आपोआप मिसळून जाते, आणि तत्त्वतः याहून सरळ मोजणी नाही.

तरीही मी कॅन मागवणे जवळजवळ सोडले आहे आणि त्याला एकच अडचण कारणीभूत आहे. लघवी अर्धीच गोळा होते, रात्रीची सांडते, पहिली सकाळची चुकून धरली जाते, या तक्रारी जुन्या आहेत आणि त्यांवर उपायही आहे: ४८ किलोच्या स्त्रीच्या कॅनमध्ये साधारण ७०० ते ९५० मिलिग्रॅम क्रिएटिनिन असायला हवे, त्याऐवजी ३५० निघाले तर कॅन अर्धा आहे हे कळते. मला खटकते ते निराळेच. पोटॅशियम १.९ असलेला, पाय उचलता न येणारा रुग्ण २४ तास थांबू शकत नाही. कॅन खाटेखाली ठेवला जातो आणि त्याच तासाभरात सलाईनमधून पोटॅशियम क्लोराइड सुरू होते, जे योग्यच आहे. दुसऱ्या दिवशी कॅन प्रयोगशाळेत जातो तेव्हा त्यात रुग्णाची मूळ गळती असते, आपण दिलेल्या पोटॅशियमचा काही भाग असतो आणि सलाईनच्या सोडियमने दूरस्थ नलिकेतून ढकललेले पोटॅशियमही असते. उत्तर ४५ आले तर यातील किती कोणाचे, हे सांगण्याचा मार्ग मला तरी सापडलेला नाही. ज्या रुग्णांत या तपासणीची खरी निकड असते, नेमका त्यांचाच कॅन उपचारांमुळे दूषित होतो.

एका नमुन्यातील नुसता आकडा या अडचणीतून सुटतो, कारण पहिली बाटली लावण्याआधी लघवीचा नमुना घेता येतो. १५ पेक्षा कमी म्हणजे आतडे आणि २० च्या वर म्हणजे मूत्रपिंड, असा सोपा ठोकताळा वॉर्डात चालतो. परंतु हा आकडा प्रत्येक लिटरमागे किती पोटॅशियम आहे एवढेच सांगतो, आणि लिटर किती होते ते सांगत नाही. यातील मेख अशी की दीर्घकाळ पोटॅशियम कमी राहिले की मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची क्षमताच खालावते. रुग्ण तीन-साडेतीन लिटर फिकट लघवी करतो, पोटॅशियम त्या पाण्यात विरळ होते आणि गळणारे मूत्रपिंड कागदावर काटकसरी दिसते.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी मांडले आहेत, पण असे रुग्ण दुर्मिळ नाहीत. ३४ वर्षांची, ४८ किलो वजनाची स्त्री जमिनीवरून उठता येत नाही म्हणून येते. गेल्या आठवड्यात दोन-तीन दिवस जुलाब झाले होते, त्यामुळे चिठ्ठीवर निदानही तेच लिहिलेले असते. सोडियम १३८, पोटॅशियम १.९, क्लोराइड ११४, बायकार्बोनेट १४, पीएच ७.२७, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३१. ॲनायन गॅप १० आहे, म्हणजे हा साधा क्लोराइड वाढलेला ॲसिडोसिस आहे. (हाच दाब ३८ असता तर निदानाचा विचार बाजूला ठेवून मी आधी श्वासाच्या स्नायूंकडे पाहिले असते.) पोटॅशियम कमी आणि ॲसिडोसिस ही जोडी दोन ठिकाणी ठळकपणे बसते: जुलाबात, कारण मलावाटे पोटॅशियम आणि बायकार्बोनेट दोन्ही जातात, आणि रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिसमध्ये. रक्ताने आपल्याला दोन दारांपर्यंत आणून सोडले आहे. कोणते उघडायचे ते लघवीने सांगायचे आहे.

लघवीचा नमुना सांगतो की पोटॅशियम १४ आहे. ठोकताळ्याप्रमाणे हे आतडे, जुलाबांची कथाही तयारच आहे, आणि प्रकरण इथे मिटू शकते. आता त्याच नमुन्यातील क्रिएटिनिन पाहू: ते प्रति डेसिलिटर २२ मिलिग्रॅम, म्हणजे प्रति लिटर ०.२२ ग्रॅम आहे. १४ भागिले ०.२२ केले की प्रति ग्रॅम क्रिएटिनिन ६४ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम येते. आतड्यातून गळती असताना हे गुणोत्तर साधारण १३ च्या खाली अपेक्षित असते, आणि ६४ म्हणजे त्याच्या जवळजवळ पाचपट. हिच्या दिवसभराच्या साडेतीन लिटर लघवीचा हिशेब केला तर पोटॅशियम ४९ आणि क्रिएटिनिन ७७० मिलिग्रॅम भरते. म्हणजे अचूक गोळा झालेल्या आणि उपचारांनी न बिघडलेल्या कॅननेही हेच सांगितले असते, फक्त उद्या. भागाकार करताना एककांकडे मात्र लक्ष असावे. आपल्याकडील प्रयोगशाळा लघवीतील क्रिएटिनिन प्रति डेसिलिटर देतात, त्यामुळे १४ ला थेट २२ ने भागून ०.६४ हे निरर्थक उत्तर हाती येते. त्याला १०० ने गुणले की गाडी रुळावर येते.

पुढची वाट मग फारशी लांब नाही. त्याच नमुन्यात सोडियम ४० आणि क्लोराइड ३० असल्याने लघवीचा ॲनायन गॅप अधिक २४ होतो. ॲसिडोसिस असूनही मूत्रपिंड पुरेसे अमोनियम बाहेर टाकत नाही, असा त्याचा अर्थ. जुलाबात तो बहुधा उणे येतो. लघवीचा पीएच ६.८ आहे, तोही दूरस्थ नलिकेच्या आजाराकडे बोट दाखवतो. एवढे झाल्यावर तोंड आणि डोळे कोरडे पडतात का हे विचारणे क्रमप्राप्त ठरते, कारण या वयाच्या स्त्रियांत शोग्रेनचा आजार असाच वेश घेऊन येतो. उपचारात पोटॅशियम आधी आणि बायकार्बोनेट नंतर हा क्रम पाळावा लागतो. उलट केल्यास उरलेसुरले पोटॅशियमही पेशींत शिरते आणि पायांचा अशक्तपणा छातीपर्यंत चढू शकतो.

पीएचबाबत एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दीर्घकाळच्या जुलाबातही तो ६ च्या आसपास येऊ शकतो, कारण पोटॅशियमची कमतरता मूत्रपिंडाला जास्त अमोनिया बनवायला लावते आणि तो आम्ल शोषून घेतो. त्यामुळे केवळ पीएचवरून मूत्रपिंडाला दोषी ठरवू नये. लघवीतील सोडियम २० च्या खाली असेल तर दूरस्थ नलिकेला कामासाठी लागणारा मालच पोहोचत नाही, आणि मग पीएच व गॅप दोन्हींवरचा माझा विश्वास उडतो.

चौथा पर्याय म्हणून नलिकेतील पोटॅशियमचा ग्रेडियंट काही जण अजून मोजतात. रक्त आणि लघवी दोन्हींची ऑस्मोलॅलिटी त्यासाठी लागते, जी लहान गावात सहसा मिळत नाही. टोरोंटोच्या ज्या गटाने तो १९८० च्या दशकात रूढ केला, त्याच गटाने २०११ साली त्यामागचे गृहीतक टिकत नसल्याचे मांडले, हे कळल्यापासून मी त्याच्या वाटेला गेलेलो नाही.

गुणोत्तराचीही स्वतःची दुखणी आहेत आणि ती झाकणे योग्य होणार नाही. भाजक क्रिएटिनिन आहे आणि क्रिएटिनिन स्नायूंतून येते. अगदी कृश वृद्ध, जी दिवसाला जेमतेम ४०० मिलिग्रॅम क्रिएटिनिन टाकते, तिने १० मिलिइक्विव्हॅलंट इतके काटकसरीने पोटॅशियम टाकले तरी गुणोत्तर २५ येते आणि निर्दोष मूत्रपिंडावर आळ येतो. अशा रुग्णाचे पोटॅशियम ३ च्या आसपास स्थिर असेल आणि उपचार एक दिवस थांबू शकत असतील, तर मी आजही कॅनच मागवतो. त्याचप्रमाणे १३ ते २० या पट्ट्यातील उत्तर आले तर केवळ त्यावरून मी निर्णय घेत नाही. सलाईनची एक बाटली आधीच गेली असेल तर जुलाबाच्या रुग्णातही आकडा तेवढा वर चढू शकतो, म्हणून नमुना घेतल्याची वेळ आणि तोवर काय दिले गेले हे चिठ्ठीवर लिहायला सांगतो.

उलट्यांच्या बाबतीत मात्र कोणतीही पद्धत घेतली तरी वरवर चकवाच मिळतो. जठररसात पोटॅशियम प्रति लिटर फक्त ५ ते १० मिलिइक्विव्हॅलंट असते, त्यामुळे उलटीवाटे ते फारसे जात नाही. आम्ल गेल्याने रक्तात बायकार्बोनेट साठते, ते मूत्रपिंडातून सांडते आणि अल्डोस्टेरॉन चढलेले असल्याने आपल्यासोबत पोटॅशियम ओढून नेते. म्हणजे आजार पोटाचा, पण गळती खरोखर मूत्रपिंडातूनच, आणि गुणोत्तर चढे आले तर ते खोटे बोलत नाही. इथे आम्ल-अल्कली स्थिती प्रश्नाची दिशाच बदलते: बायकार्बोनेट वाढलेले असेल तर मी त्याच नमुन्यात क्लोराइड मागवतो. ते २० च्या खाली असेल तर उलट्या, किंवा काही दिवसांपूर्वी थांबवलेली लघवीची गोळी. त्याहून बरेच वर असेल तर चालू असलेली गोळी, गिटेलमन किंवा बार्टर, आणि रक्तदाबही वाढलेला असेल तर अल्डोस्टेरॉनचा आजार. उलट्या लपवणाऱ्या रुग्णाला हा एक आकडा बहुतेक वेळा उघडा पाडतो.

रक्ताच्या बाजूने मला धमनीच्या नमुन्याचा आग्रह वाटत नाही. पीएच आणि बायकार्बोनेटची दिशा ठरवायला शिरेतील रक्त पुरते; श्वासाची शंका असेल तेव्हाच मनगटाला सुई लावावी. मॅग्नेशियम मात्र त्याच वेळी मागवावे, कारण ते कमी असेल तर मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवू शकत नाही. महिनाभर जुलाब झालेल्या माणसाचे मॅग्नेशियम आतड्यातूनच गेलेले असते आणि त्यापायी त्याचे गुणोत्तर ३० दिसू शकते. तिथे एका वाटेचा शोध सोडून दोन्ही वाटा उघड्या आहेत असेच धरावे लागते, आणि मॅग्नेशियम भरून काढल्यावर दोन-तीन दिवसांनी तोच नमुना पुन्हा पाठवावा लागतो.