कारखानदाराचं वर्णन: तसंच ठेवायचं, शब्द फिरवायचे की टॉवेल तोलून लिहायचं?

आमचं दुकान सोलापुरात, चाटी गल्लीत. चादरी, टॉवेल, नॅपकिन, थोडे बेडशीट. वेबसाइट सुरू केली तेव्हा माल देणाऱ्या कारखानदारांनी एक्सेल शीट पाठवल्या आणि आम्ही त्या जशाच्या तशा चढवल्या. १८६ वस्तू दोन संध्याकाळी उरकल्या. पुढे वर्षभर फोन यायचे ते दुकानाचं नाव ठाऊक असलेल्यांचेच.

तुमचंही असंच असेल, तर आधी पाच मिनिटांची तपासणी करा. तुमच्या एखाद्या वर्णनातलं एक लांब वाक्य उचला, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावा आणि गुगलवर शोधा. आमचं ‘उत्कृष्ट दर्जाच्या शुद्ध कॉटनपासून बनवलेला, अतिशय मऊ आणि पाणी शोषणारा टॉवेल’ हे वाक्य दोन मोठ्या बाजारसाइटींवर आणि गावातल्याच चार दुकानांच्या पानांवर निघालं. शीट सगळ्यांना एकच गेली होती, दुसरं काय होणार!

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. सारखा मजकूर आहे म्हणून गुगल दंड करत नाही. मात्र एकाच मजकुराची सहा पानं दिसली, की शोधणाऱ्यापुढे ते त्यातलं एखाद-दुसरंच ठेवतं, आणि ते आपलं असण्याचं काही कारण नसतं. बाजारसाइटीवर तोच टॉवेल, तेच वाक्य आणि शिवाय ग्राहकांचे अभिप्राय असतात. आपल्या पानावर वेगळं काय, तर दुकानाचा पत्ता.

आता चार पर्याय बघू.

पहिला, आहे तसं ठेवणं. हा वाटतो तितका वाईट नाही. ज्या वस्तू वर्षात दोन-चारच जातात, किंवा ज्यांचं गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवरच्या लिंकवरून येतं, त्यांच्या वर्णनावर संध्याकाळ घालवण्यात अर्थ नाही. शिवाय काही मजकूर सारखाच राहायला हवा: उत्पादकाचं नाव-पत्ता, माप, नग, एमआरपी, कुठल्या देशात बनलं. वेष्टनबंद मालाच्या नियमांनुसार ही माहिती ऑनलाइन विक्रीतही दाखवावी लागते. ती वेगळी दिसावी म्हणून तिच्या शब्दांशी खेळू नका.

दुसरा पर्याय म्हणजे शब्द फिरवणं. ‘उत्कृष्ट’च्या जागी ‘उत्तम’, ‘मऊ’च्या जागी ‘मुलायम’, वाक्यं खाली-वर. आम्ही हे एका मुलाला बसवून करून घेतलं, चाळीस वस्तूंचं. पैसे गेले आणि एक चूकही पदरात पडली. शीटमधल्या ‘कॉटन रिच’चं त्यानं ‘शुद्ध सुती’ करून टाकलं. कॉटन रिच म्हणजे सूत जास्त, पण मिश्रण. माल परत आला तेव्हा कळलं. माझ्या मते चारांत हा सगळ्यात वाया जाणारा पर्याय, कारण वाचणाऱ्याला आधी जे कळत नव्हतं ते आताही कळत नाही. इंग्रजी शीटचं नुसतं मराठी करणंही याच रांगेतलं. पान गुगलच्या लेखी वेगळं ठरतं हे खरं, पण टॉवेलबद्दल नवं काहीच सांगत नाही.

तिसरा पर्याय माल हातात घेऊन लिहिण्याचा. एक टॉवेल सविस्तर सांगतो, म्हणजे किती काम आहे याचा अंदाज येईल.

शीटमध्ये होतं: ७५ बाय १५० सेंटिमीटर, ५०० जीएसएम. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. हा टॉवेल ०.७५ गुणिले १.५, म्हणजे १.१२५ चौरस मीटरचा. ५०० जीएसएम खरं असेल तर वजन ५६२ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. घरातल्या किचनच्या काट्यावर तीन नग ठेवले. ४४६, ४५२, ४४९. सरासरी ४४९, भागिले १.१२५, आले ३९९. काठाच्या पट्टीला लूप नसतात, त्यामुळे मधल्या भागाचा आकडा थोडा चढा निघेल. दमट हवेत सूत ओल धरतं, तेवढा फरकही धरू. तरी शंभराची तफावत यातून येत नाही. पूर्व भागातल्या त्या कारखानदाराला फोन केला.

“अण्णा, हा टॉवेल चारशेचा आहे, शीटमध्ये पाचशे कसा?”

“अहो मालक, शीट पोरानं मागच्या मालाची कॉपी केली असेल. चारशेच आहे तो. पाचशेचा त्या भावात परवडतो का तुम्हाला?”

परवडत नाहीच. पण आमच्या पानावर वर्षभर ५०० छापलेलं होतं, आणि वर्णन मालाशी जुळतं की नाही याची जबाबदारी विकणाऱ्यावरच येते. नव्यानं लिहायला बसलो नसतो, तर हे लक्षात आलंही नसतं.

मग टॉवेल तीनदा धुतला, सावलीत वाळवून पुन्हा मोजला. लांबी १५० वरून १४३ वर आली. ओल्या पांढऱ्या फडक्यावर काठ घासून बघितला, मरून रंग पहिल्या धुण्यात किंचित लागला, तिसऱ्यात नाही. शेवटी गल्ल्यावर बसणाऱ्या वहिनींना विचारलं, या टॉवेलबद्दल गिऱ्हाईक काय विचारतं? त्या म्हणाल्या, “दोनच गोष्टी भाऊजी. नवा असताना पाणी का पीत नाही, आणि आहेरात द्यायला जड वाटेल का.”

त्यातून झालेलं वर्णन असं:

‘७५ × १५० सेंमी, वजन सुमारे ४५० ग्रॅम, म्हणजे ४०० जीएसएम. मध्यम जाडीचा, रोजच्या वापराचा. हॉटेलातल्या जाड टॉवेलसारखा भरीव नाही, पण पावसाळ्यात लवकर वाळतो. पहिल्या दोन-तीन धुण्यांत ६-७ सेंमी आखडतो. नव्या कापडावर फिनिशिंगचा थर असतो, म्हणून सुरुवातीला पाणी कमी पितो. वापरण्याआधी दोनदा साध्या पाण्यात धुवा, सॉफ्टनर टाकू नका. मरून काठ पहिल्यांदा वेगळा धुवा. आहेरासाठी जड टॉवेल हवा असेल तर आमचा ५५० जीएसएमचा पाहा.’

मोजमाप, फोन आणि लिहिणं मिळून पाऊण तास, धुणं-वाळवणं वेगळं. १८६ वस्तूंचं असं करायचं तर दिवाळी उलटून जाईल. म्हणून सगळं नव्यानं लिहा असं मी सांगणार नाही. वीस-पंचवीस वस्तू निवडा: ज्यांत नफा आहे, ज्या परत येतात, ज्यांच्याबद्दल फोनवर तेच-तेच प्रश्न येतात.

चादरींच्या बाबतीत एक वेगळी खबरदारी. सोलापुरी चादरीला आणि सोलापूर टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. पानिपतहून आलेल्या चादरीचं वर्णन रंगवताना शोधात यावं म्हणून ‘सोलापुरी’ लिहायचा मोह होतो. ती फसवणूक आहे, आणि कायद्यानंही चालत नाही. माल कुठल्या मागावर विणला ते पुरवठादाराला विचारा आणि तेच लिहा.

चौथा पर्याय, पानं एकत्र करणं. मेहनत आणि मोबदला यांचा हिशेब केला तर माझं मत याला. आमची एकच मयूर नक्षीची चादर सहा रंगांत, सहा पानांवर, तेच वर्णन सहादा. म्हणजे बाहेरच्यांशी तर सोडाच, आमची पानं एकमेकांशीच भांडत होती. साइटची पानं शोधात कशी दिसतात ते दाखवणाऱ्या गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये, पानांच्या अहवालात Duplicate without user-selected canonical किंवा Crawled - currently not indexed या नावांखाली अशी पानं बरीच दिसली, तर समजा की घरचाच घोळ आहे. पहिल्या नावाचा अर्थ, सारख्या पानांतलं मुख्य कोणतं ते तुम्ही सांगितलेलं नाही. दुसऱ्याचा, गुगल येऊन पान वाचून गेलं पण यादीत घेतलं नाही. दुसऱ्याची कारणं अनेक असतात, सारखेपणा त्यातलं एक.

आम्ही सहाचं एक पान केलं, त्यात रंग निवडायची सोय दिली आणि जुने पत्ते कायमच्या ३०१ वळणानं नव्या पानाकडे पाठवले. एका दुपारचं काम, आणि वर्णन एकच लिहावं लागलं. काही कारणानं पानं वेगळी ठेवायचीच असतील, तर प्रत्येकाच्या head भागात मुख्य पानाचा पत्ता द्या:

```html
<link rel="canonical" href="https://example.com/mayur-chadar">
```

गुगल हा इशारा मानतं, हुकूम नव्हे. पानं फारच वेगळी असतील तर दुर्लक्षही करतं. आणि लोक रंगाच्या नावानंच शोधत असतील, तर ते पान मिटवू नका. आमच्या पांढऱ्या टॉवेलचं तसं निघालं. लॉजवाले ‘पांढरा टॉवेल’ म्हणूनच शोधतात, म्हणून त्याचं पान वेगळं ठेवलं आणि वर्णनही लॉजवाल्यांसाठी लिहिलं: डझनाचा भाव, ब्लीच चालतं का, किती धुण्यांनंतर कडा उसवतात.

फरक पडला का हे कळायला घाई करू नका. आम्ही दहा टॉवेलांची वर्णनं बदलली, तशाच दहांची मुद्दाम ठेवली आणि तारीख वहीत लिहिली. किंमत, फोटो, शीर्षक काही हलवलं नाही. तीन महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये दोन्ही गटांची पानं किती वेळा दिसली ते पाहिलं. न बदललेला गट नसता, तर लग्नसराईची चढती मागणीच आम्ही स्वतःची करामत समजलो असतो. बदललेली पानं ‘४०० जीएसएम टॉवेल वजन’, ‘नवीन टॉवेल पाणी शोषत नाही’ अशा लांब शोधांना येऊ लागली. नुसत्या ‘टॉवेल’ या शब्दाला आजही वर मोठ्या साइटीच आहेत, आणि नव्या वर्णनानं ते बदलणार नाही.

एक खड्डा मात्र टाळा. आम्ही हौसेनं नवी वर्णनं बाजारसाइटीवरच्या आमच्या यादीतही चिकटवली. पंधरा दिवसांत अवतरणचिन्हांच्या शोधात त्यांचंच पान वर आणि आमचं ‘सारखे निकाल वगळले आहेत’च्या मागे. आता तिथे शीटचा मजकूर, फक्त जीएसएम दुरुस्त केलेला, आणि पूर्ण वर्णन आपल्या साइटवर.

कारखानदाराचं काय सांगावं! अण्णांच्या पुढच्या शीटमध्ये ४०० जीएसएम आलं, आणि त्याच्या खाली आमचं ‘पावसाळ्यात लवकर वाळतो’ हे वाक्यही. फोन केला तर म्हणाले, “चांगलं लिहिलं होतं मालक, म्हणून घेतलं.” ते वाक्य काढायला ते तयार झाले, पण तोवर शीट बाकीच्या दुकानांत पोचली होती. आता त्या पानावर काट्यावर ठेवलेल्या टॉवेलचा फोटो आहे, मागे आमच्या दुकानाची पाटी दिसते.