यूट्यूब चॅनल: नाव बदलावं की हँडल?

‘गावची चूल’ नावाचं चॅनल आता शेतीकडे वळलंय असं धरू. नुसतं नाव ‘गावचं शेत’ केलं, तर एकही लिंक तुटत नाही, कारण पत्ता नावावर चालतच नाही. नवं नाव सगळीकडे दिसायला काही दिवस लागतात. मोठ्या चॅनलला फटका वेगळाच: व्हेरिफिकेशनची खूण जाते, पुन्हा अर्ज करावा लागतो.

हँडल म्हणजे चॅनलच्या पत्त्यातलं @ लावलेलं ओळखनाव; त्याचं उलट. खूण राहते, पण `youtube.com/@junenaav` हा पत्ताच बदलतो. यूट्यूब जुनं हँडल 14 दिवस राखून ठेवतं आणि तेवढ्या काळात दोन्ही लिंक चालतात. त्यानंतर ते दुसरं कुणीही घेऊ शकतं. मग इतरांच्या डिस्क्रिप्शनमधला तुमचा उल्लेख, किंवा छापून वाटलेलं कार्ड, परक्या चॅनलकडे बोट दाखवू लागतं. व्हिडिओंच्या लिंकना मात्र धक्का नाही.

शोधात लोक जुनंच नाव टाइप करत राहतात, म्हणून चॅनलच्या वर्णनात ‘पूर्वीचं गावची चूल’ लिहून ठेवा. छापायला द्यायची लिंक `youtube.com/channel/UC…` अशी असावी. दिसायला ओबडधोबड, पण कधीच बदलत नाही. मी तरी आधी नाव बदलेन. हँडल अगदीच विसंगत वाटलं तरच.