सेमी-ऑटोवर वेस्टगार्ड नियम : काही महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची छोटी लॅब आहे. सेमी-ऑटो अ‍ॅनालायझर, रोज दोन लेव्हलचे कंट्रोल, म्हणजे रीडिंग किती यायला हवं ते आधीच माहीत असलेले नमुने. पूर्वी रीडिंग कंट्रोलच्या कागदावरच्या रेंजमध्ये बसलं की रिपोर्ट सोडायचो. आता वेस्टगार्ड लावतो, म्हणजे कंट्रोल सरासरीपासून किती दूर गेलं यावरून रन ठेवायचा की रद्द करायचा ते ठरवतो. खरा फरक पडला तो आपला मीन, म्हणजे सरासरी, व एसडी, म्हणजे रीडिंग तिच्याभोवती किती पसरतात त्याचं माप, काढल्यावर.

ग्लुकोजचंच पाहा. खालच्या लेव्हलची छापील रेंज ७८ ते १०२, वरच्या लेव्हलची २४४ ते ३१६. ती ±२ एसडी धरली, तर एसडी ६ आणि १८ निघतो. छापील रेंज बऱ्याच मशीन-पद्धतींना सामावून घ्यायची असते, म्हणून ऐसपैस. आम्ही वेगवेगळ्या दिवसांची वीसहून जास्त रीडिंग घेतली, तेव्हा मीन ९० आणि २८० आले, एसडी मात्र ३ आणि ८.

मे महिन्यात एका सकाळी कंट्रोल आले ९७ आणि ३००. कागद म्हणतो, आरामात आत. आमच्या एसडीने मोजलं तर +२.३ आणि +२.५. एकच लेव्हल २ एसडीबाहेर असती तर तो 1-2s, म्हणजे नुसता इशारा. दोन लेव्हल असताना मशीन ठीक असूनही शंभरातून नऊ वेळा तो वाजतोच, त्यावर रन फेकू नये. पण दोन्ही एकाच बाजूला २ च्या बाहेर म्हणजे 2-2s. हे योगायोगाने हजारात एखाद्या वेळी होतं. रन रद्द.

सोबतचा टेक्निशियन म्हणाला, "दादा, कंट्रोल आणखी एकदा लावून पाहू का?" ही सवय वाईट. आत येईपर्यंत लावत राहिलं तर कधीतरी येतंच. दोन्ही लेव्हल सारख्याच टक्क्यांनी, सातेक टक्के वर होत्या, म्हणून आधी फॅक्टर पाहिला, म्हणजे माहीत असलेल्या साखरेच्या स्टँडर्डवरून काढलेला आणि प्रत्येक नमुन्याच्या शोषणाला गुणायचा आकडा. एरवी ३०० च्या आसपास असतो, त्या दिवशी ३२२. स्टँडर्ड एकदाच लावलेलं. १० मायक्रोलिटर पूर्ण गेलं नसावं. शोषण कमी, म्हणून फॅक्टर जास्त, म्हणून सगळेच रिझल्ट वर. स्टँडर्ड दोनदा लावलं, फॅक्टर ३०१ आला, कंट्रोल ९१ आणि २८२. मग थांबवलेले सगळे नमुने पुन्हा लावले. त्यातल्या एका बाईंची उपाशीपोटी साखर १३४ होती, ती १२५ झाली. मधुमेहाची रेषा १२६ वर आहे.

एक लेव्हल +२ च्या वर आणि दुसरी −२ च्या खाली गेली, तर R-4s. तेव्हा फॅक्टरकडे न बघता फ्लोसेलमधला बुडबुडा किंवा पिपेट पाहा.

तक्रारही आहे. कंट्रोलचा लॉट बदलला की मीन नव्याने काढावा लागतो, आणि जुना संपायच्या आत दोन्ही लॉट काही दिवस सोबत चालवायचे तर खर्च वाढतो. मालक कुरकुरतात. शिवाय नमुनाच बाहेरून उन्हातान्हात तासभर उशिरा आला आणि पेशींनी साखर खाल्ली, तर यातला कुठलाच नियम ते पकडत नाही.