रिपोर्टमधला ‘रिव्हर्स टी-३’ दाखवून ताईला सहा महिन्यांचं पॅकेज विकलं

ताईला न्यूमोनिया झाला होता, साधासुधा नाही. अतिदक्षता विभागात ऑक्सिजनवर होती, स्टेरॉइड्स चालू होती, अन्न जवळजवळ नव्हतंच. घरी आल्यावर थकवा जाईना, केस गळत होते, थंडी वाजायची. तेव्हा कुणीतरी तिला एका ‘हॉर्मोन संतुलन’ केंद्राचं नाव सुचवलं. घरी येऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हाच तिथे तिचं रक्त घेतलं गेलं. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, पण मला हे सगळं कळलं ते पैसे भरून झाल्यावर, ताईनं फाइल माझ्यासमोर ठेवली तेव्हा.

पहिला रिपोर्ट असा होता: टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारा पिट्यूटरी ग्रंथीचा हॉर्मोन, १.१ म्हणजे नॉर्मल, फ्री टी-४ नॉर्मल, एकूण टी-३ ६२ (प्रयोगशाळेची मर्यादा ८० ते २००), आणि रिव्हर्स टी-३ ३८ (मर्यादा साधारण ९ ते २४). शेवटचे दोन्ही आकडे नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये. सल्लागारानं ६२ ला ३८ नं भागून १.६ काढलं आणि ‘हे दहाच्या वर हवं’ असं सांगितलं. कुलपात भलतीच किल्ली अडकून बसली आहे, म्हणून खरा हॉर्मोन आत जाऊच शकत नाही, हे त्यांचं स्पष्टीकरण, आणि ‘थायरॉइड रेझिस्टन्स’ हे त्यांचं निदान. ‘बाहेरचे डॉक्टर फक्त टीएसएच बघतात, म्हणून त्यांना हे दिसत नाही,’ हेही जोडलं. माझ्या मते खरी विक्री या एका वाक्यानं झाली. कारण ताईच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ‘थायरॉइड ठीक आहे’ म्हटलं होतं आणि तिला तर ठीक वाटत नव्हतं.

आता त्या आकड्यांचा खरा अर्थ. थायरॉइड ग्रंथी मुख्यतः थायरॉक्सिन म्हणजे टी-४ सोडते. त्याच्या रेणूवर आयोडीनचे चार अणू असतात आणि तो तसा फारसा सक्रिय नसतो. पेशींमध्ये डीआयोडिनेज नावाची विकरं त्यातला एक अणू काढून टाकतात, आणि सगळा खेळ कोणता अणू निघाला यावर आहे. रेणूच्या बाहेरच्या कड्यातला निघाला, तर सक्रिय टी-३ तयार होतो. आतल्या कड्यातला निघाला, तर रिव्हर्स टी-३. शरीरातला बहुतेक टी-३ असा ग्रंथीबाहेरच बनतो. ग्रंथी नसलेल्या माणसांतही टी-४ पासून टी-३ तयार होतो, हे १९७० मध्येच दाखवलं गेलं. आणि निरोगी माणसातही टी-४ चा जवळजवळ तेवढाच भाग रिव्हर्स टी-३ कडे वळतो. म्हणजे तो कचरा नाही, विषही नाही. टी-४ निकामी करण्याची ती नेहमीची वाट आहे.

या विकरांचे तीन प्रकार आहेत. पहिलं मुख्यतः यकृतात आणि मूत्रपिंडात असतं, दुसरं मेंदूत, पिट्यूटरीत आणि स्नायूंत. दोन्ही टी-३ बनवतात. तिसरं उलट काम करतं, टी-४ ला रिव्हर्समध्ये बदलतं आणि टी-३ लाही निष्क्रिय करतं. ताईचा रिपोर्ट समजण्यासाठी पहिल्यावर लक्ष द्यायला हवं, कारण रिव्हर्स टी-३ मोडून संपवण्याचं कामही मोठ्या प्रमाणात तेच करतं. गंभीर आजारात, उपासमारीत, स्टेरॉइड्सच्या प्रभावाखाली हे पहिलं विकर मंदावतं. त्यामुळे टी-३ कमी बनतो आणि बनलेला रिव्हर्स टी-३ लवकर हटत नाही. भरीस भर म्हणून एरवी प्रौढ यकृतात आणि स्नायूंत जवळजवळ गप्प असलेलं तिसरं विकर गंभीर आजारात जागं होतं. टी-३ खाली, रिव्हर्स वर, टीएसएच नॉर्मल किंवा थोडा कमी: आजारपणाचं हे ओळखीचं चित्र आहे. नुसता कडक उपास केला तरी टी-३ एक-दोन दिवसांत उतरू लागतो.

त्या अडकलेल्या किल्लीचं सांगायचं तर, टी-३ पेशीत ज्यांना चिकटून काम करतो त्या ग्राहींना रिव्हर्स टी-३ फारच क्षीणपणे चिकटतो. रक्तात आढळणाऱ्या पातळीला तो त्यांची जागा अडवून बसतो, हे विधान टिकत नाही. गंभीर आजारातला कमी टी-३ हे शरीराचं शहाणपण की नुकसान, यावर तज्ज्ञांत अजूनही वाद आहे आणि तो प्रामाणिक वाद आहे. पण अशा रुग्णांना सरसकट हॉर्मोन दिल्यानं फायदा होतो, हे चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही.

पॅकेजमध्ये दिवसातून दोनदा घ्यायच्या टी-३ च्या कॅप्सुल होत्या, डोस दर आठवड्याला वाढवायचा. सोबत सेलेनियम. हे हुशारीनं निवडलेलं, कारण ही विकरं सेलेनियमवरच चालतात. पण ताईला सेलेनियमची कमतरता आहे का, हे कुणी तपासलंच नव्हतं. आणि दर महिन्याला रिव्हर्स टी-३ ची महागडी चाचणी.

दुसऱ्या रिपोर्टमध्ये रिव्हर्स टी-३ ९ वर आला. केंद्रानं त्या आकड्याभोवती गोल काढून ‘अडथळा निघाला’ असं लिहिलं. फसवणुकीचा गाभा मला इथे दिसतो, कारण हा आकडा खाली येणारच होता. बाहेरून टी-३ दिला की पिट्यूटरी टीएसएच थांबवते, ग्रंथी टी-४ बनवणं कमी करते, आणि ज्यातून रिव्हर्स टी-३ बनतो तो कच्चा मालच आटतो. त्याच कागदावर टीएसएच ०.०१ होता आणि फ्री टी-४ मर्यादेखाली. त्या दोन ओळींभोवती गोल नव्हता. शिवाय आजार ओसरला, ताई जेवू लागली, की औषधाविनाही रिव्हर्स टी-३ उतरलाच असता. म्हणजे कॅप्सुलनं ताईला बरं केलं की बिघडवलं, हे त्या आकड्यावरून कळणं शक्यच नव्हतं.

ते कळलं ताईच्या नाडीवरून. बसल्या जागी ठोके ११० च्या पुढे, हात थरथरत, झोप उडालेली. ‘शरीर जागं होतंय,’ असं केंद्रातून फोनवर सांगितलं. हृदयाच्या आलेखात ठोके अनियमित निघाले, एट्रियल फिब्रिलेशन. एंडोक्रायनॉलॉजिस्टनी कॅप्सुल त्याच दिवशी बंद केल्या, ठोक्यांसाठी औषध दिलं आणि सहा आठवड्यांनी फक्त टीएसएच आणि फ्री टी-४ करायला सांगितलं. दोन्ही नॉर्मल आले. रिव्हर्स टी-३ त्यांनी मागितलाच नाही. विचारल्यावर म्हणाले, ‘तो आकडा कितीही आला तरी माझा निर्णय बदलणार नाही, मग कशाला करू?’ काही अगदी दुर्मीळ विकारांत ती चाचणी उपयोगी पडते, उदाहरणार्थ तिसरं विकर भरपूर बनवणाऱ्या गाठी असलेल्या बाळांत. थकव्यासाठी नाही.

आजारातून उठताना काही आठवडे टीएसएच तात्पुरता थोडा वरही जातो, कधी २० च्या आसपास. तेवढ्यावरून कुणी जन्मभराची गोळी सुरू करत असेल, तर आधी पुन्हा तपासणी मागा. मात्र टीएसएच याहून बराच वर असेल किंवा टी-४ खरोखर कमी असेल, तर ते आजारपणाच्या खात्यावर ढकलू नका. तिथे खरा हायपोथायरॉइडिझम असू शकतो.

पैसे परत मागितले तेव्हा लक्षात आलं की ‘थायरॉइड रेझिस्टन्स’ हे निदान कुठेही लिहिलेलंच नव्हतं, सगळं तोंडी. पावतीवर ‘जीवनशैली मार्गदर्शन’. कॅप्सुलच्या डबीवर घटक नाहीत, फक्त एक सांकेतिक क्रमांक. त्यात टी-३ आहे हे ताईच्या हातात पडलेल्या डोसाच्या चिठ्ठीमुळे कळलं. न झालेल्या चाचण्यांचे पैसे तेवढे परत मिळाले. उरलेल्या कॅप्सुल, ती चिठ्ठी, दोन्ही रिपोर्ट आणि हृदयाचा आलेख जोडून वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली आहे. अशा केंद्रात अडकलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर डबी फेकू नका आणि दुसऱ्या रिपोर्टमधला टीएसएच स्वतः वाचा.