प्रकाश मोजणारी कांडी : अंजनी-जांभळाच्या रानात आठ महिने

महाबळेश्वरच्या सदाहरित रानात झाडांच्या छत्राखाली कारवीला किती प्रकाश मिळतो, हे मोजण्यासाठी ऐंशी संवेदकांची एक कांडी मी ऑक्टोबरपासून मेपर्यंत वापरली. एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पाने आहेत, हा पर्णक्षेत्र निर्देशांक ही कांडी पडद्यावर दाखवते खरी. पण ती पाने मोजत नाही. ती फक्त प्रकाश मोजते आणि उघड्यावरच्या प्रकाशाशी तुलना करून निर्देशांक काढते. बाकीच्या बहुतेक अडचणी याच एका गोष्टीतून निघतात.

फेब्रुवारीतल्या एका दुपारचे उदाहरण देतो. जवळच्या उघड्या सड्यावर ठेवलेला संवेदक दर चौरस मीटरवर दर सेकंदाला १४०० मायक्रोमोल प्रकाश दाखवत होता आणि कारवीच्या शेंड्याच्या वर, आडव्या धरलेल्या कांडीवर सरासरी ४२ आली. म्हणजे छत्राने ९७ टक्के प्रकाश अडवला. सूर्य डोक्यावरून सुमारे ३० अंश कललेला असताना, पाने सर्व दिशांना सारखी वळलेली आहेत असे मानले, तर पानांचा प्रकाश अडवण्याचा गुणांक ०.५८ येतो आणि निर्देशांक साधारण ६.१ निघतो. दहाच मिनिटांनी त्याच जागी ४.६ आला! पाने तर कुठेच गेली नव्हती. सड्यावर ढग आल्याने तिथला आकडा ६०० वर उतरला होता, आणि छत्राखाली तो ढग अजून पोहोचायचा होता. सदाहरित रानात एकाच दुपारी निर्देशांक असा घसरला, तर दोष उघड्यावरच्या नोंदीत शोधावा. त्यानंतर मी दोन्ही उपकरणांची घड्याळे सकाळीच जुळवू लागलो आणि फुटकळ ढगांच्या दिवशी मोजणी सोडून दिली. एकसारखे भरून आलेले आभाळ मात्र या कामाला उत्तम, कारण तेव्हा कवडसे पडत नाहीत.

कवडशांचा घोळ वेगळा आहे. वरच्या ४२ च्या सरासरीत ७८ संवेदकांवर जेमतेम २० होते आणि दोनांवर ९००. कारवीला मिळालेला एकूण प्रकाश सांगायला ४२ हाच आकडा बरोबर आहे. पण पाने झुपक्यांनी असतील, तर त्याच सरासरीवरून काढलेला निर्देशांक कमी येतो. म्हणून मी ऐंशीही नोंदी वेगळ्या उतरवून ठेवतो, जरी त्यासाठी दर वेळी कांडीच्या पडद्यावरच्या यादीत खोल शिरावे लागते आणि तेवढ्यात जळवा पायावर चढलेल्या असतात.

कारवीचा वाटा हवा असेल, तर तिच्या वर आणि जमिनीलगत अशा दोन्ही नोंदी लागतात. त्या दुपारी जमिनीवर १४ उरले होते : कारवीने तिच्यापर्यंत आलेल्यातला दोनतृतीयांश प्रकाश घेतला, पण उघड्यावरच्या हिशेबाने तो जेमतेम दोन टक्के. खोड-फांद्यांनी अडवलेला प्रकाशही या आकड्यांत मिसळलेला असतो, आणि तो वेगळा काढण्याची सोय या कांडीत नाही.