काही महिने वापरल्यानंतर: प्रपोर्शनल व्हॉल्व्हवर चालणारी प्रेसची स्लाइड

साध्या सोलेनॉइड व्हॉल्व्हऐवजी ॲम्प्लिफायर कार्डासह प्रपोर्शनल व्हॉल्व्ह लावला की पहिल्याच दिवशी धक्के जातात. पण कार्ड नीट लावलं नाही, तर वेगावरचा ताबा नावापुरताच राहतो.

सिलिंडरचा बोअर ८० मिमी आहे. १०० मिमी प्रति सेकंद वेगाला मिनिटाला साधारण ३० लिटर तेल लागतं, दाबायच्या २० मिमीच्या वेगाला ६ लिटर. इथेच बरेच जण मोठा व्हॉल्व्ह घेतात. कॅटलॉगमधला फ्लो ठरावीक दाबफरकाला दिलेला असतो. १० बारला ३० लिटर देणारा व्हॉल्व्ह ४० बारला ६० लिटर देतो, कारण फ्लो दाबफरकाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. मग व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या स्पूलचा निम्मा प्रवास वाया जातो आणि कमांड देणारा पॉट जरासा फिरवला तरी वेग उडी मारतो.

आता कार्ड. स्पूलला ओव्हरलॅप असल्यामुळे कमांडच्या सुरुवातीच्या एक-दोन व्होल्टपर्यंत काहीच हलत नाही. अगदी छोटी कमांड द्या, ०.३ व्होल्टच्या आसपास, आणि स्लाइड जेमतेम सरकू लागेपर्यंत 'मिनिमम' पॉट वाढवा. मग किंचित मागे घ्या. त्यानंतर १० व्होल्टला हवा तो कमाल वेग 'मॅक्सिमम'ने बांधा. क्रम उलटा केला, तर मिनिममला हात लावताच कमाल वेगही बदलतो.

रॅम्प, म्हणजे कमांड हळूहळू बदलण्याचा वेळ, शून्यापासून पूर्ण कमांडपर्यंत ०.८ सेकंद ठेवला आहे. १०० वरून २० मिमीच्या वेगावर यायला ०.६४ सेकंद लागतात आणि तेवढ्यात स्लाइड ३८ मिमी पुढे जाते. म्हणून प्रॉक्सिमिटी स्विच जॉबच्या ५० मिमी आधी बसवला. रॅम्प वाढवून स्विच तिथेच ठेवला, की स्लाइड जोरातच जॉबवर आदळते आणि दोष मात्र व्हॉल्व्हला दिला जातो!

लोड बदलला की वेग बदलतो, ही तक्रार कार्डाने सुटत नाही. त्यासाठी व्हॉल्व्हखाली प्रेशर कॉम्पेन्सेटर लागतो. तो स्पूलवरचा दाबफरक जवळपास स्थिर ठेवतो. मात्र उभ्या स्लाइडचं वजन स्वतःहून खाली ओढत असेल तर तोही पुरत नाही, काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह लावावाच लागतो.

काही काळाने दिसणारं लक्षण असं: पॉट चढवताना ४ व्होल्टला जो वेग मिळतो, तो उतरवताना त्याच ४ व्होल्टला मिळत नाही. थोडा फरक हिस्टेरेसिसचा, तो फीडबॅक नसलेल्या व्हॉल्व्हमध्ये राहणारच. पण फरक वाढत चालला, तर तेलातल्या बारीक कचऱ्याने स्पूल अडतोय असं समजा. प्रेशर लाइनवर १० मायक्रॉनचा फिल्टर ठेवा, त्याचा क्लॉगिंग इंडिकेटर बघत जा आणि कार्डाचा डिदर चालू आहे ना, तेही तपासा. डिदरमुळे स्पूल सतत सूक्ष्म थरथरत राहतो, म्हणून चिकटत नाही. व्हॉल्व्ह नुकताच काढून बसवला असेल आणि स्लाइड धक्के देत चालत असेल, तर आधी सोलेनॉइडच्या टोकाचा स्क्रू जरा ढिला करून आतली हवा काढा. हे काम कमी दाबावरच करा.