नाकातली चमकी पुसताना: Heal की Clone?

जुन्या छायाचित्रातील दागिना काढायचा असेल, तर गिम्प या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये Heal आणि Clone अशी दोन साधने समोर येतात. दोन्हींमध्ये Ctrl दाबून नमुन्याची जागा निवडावी लागते, त्यामुळे सुरुवातीला त्यांत फारसा फरक जाणवत नाही. माझ्या मोठ्या मावशींनी चमकी, कुड्या आणि गळ्यातली साखळी घालणे फार वर्षांपूर्वीच सोडले, आणि भिंतीवर लावायच्या चित्रातही त्या नकोत, असे त्यांनी सांगितले. त्या कृष्णधवल चित्राच्या 600 डीपीआयच्या स्कॅनवर मी दोन्ही साधने वापरून पाहिली.

साखळीपुरते Heal सरस ठरले, हे मान्य केले पाहिजे. ते नमुन्यातून त्वचेचा पोत घेते आणि उजळपणा मात्र आजूबाजूच्या भागाशी जुळवते, त्यामुळे गळ्यावरील छायाप्रकाश आपोआप सांधला जातो. साखळीखालची बारीक सावलीही त्याच फटकाऱ्यात घ्यावी लागते, एवढेच पथ्य. ती बाहेर राहिली, तर तिचाच काळेपणा आत ओढला जातो.

नेमका हाच गुण नाकाशी आल्यावर दोष होतो. मावशींची चमकी स्कॅनमध्ये जेमतेम 25 पिक्सेलची होती, पण ती नाकपुडीच्या गडद कडेला लागून होती. ब्रशची कड त्या रेषेला टेकली, की Heal तिथला अंधार आत पसरवी आणि चमकीच्या जागी काजळ पुसल्यासारखा राखी डाग उरे. ब्रश लहान केला, नमुना बदलला, तरी डाग फक्त जागा बदलत राहिला. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या आणि माझा कल तिथेच ठरला.

Clone उजळपणा जुळवत नाही, जसे आहे तसे उचलून ठेवते. म्हणून नमुना नाकपुडीच्या कडेपासून चमकीइतक्याच अंतरावरचा, थोडा वरचा, त्याच उजेडातला घ्यावा लागतो. मी 12 पिक्सेलचा, मध्यम कठीण कडेचा ब्रश आणि पूर्ण Opacity ठेवली. अर्धपारदर्शक थर एकमेकांवर चढवले, की फिल्मचे कण एकमेकांत मिसळतात आणि त्वचा मेणासारखी दिसू लागते. मऊ ब्रशच्या कडेलाही तेच होते. कडेपासून दूर राहिलेला एक फिका सांधा शेवटी Heal ने बुजवला.

कानाबाबत माझे मत कदाचित एकांगी असेल, पण तिथे Heal ला वाव जवळजवळ नाहीच, कारण कुडीने पाळीची कडच झाकलेली असते. ती वरच्या कडेचे तुकडे घेऊन Clone नेच उभी करावी लागते. काम झाल्यावर चित्र आडवे उलटवून 100 टक्क्यांवर पाहिले, तेव्हा पाळीवर तोच कणसमूह ओळीने तीनदा उमटलेला दिसला. दोन ठिकाणी नमुना बदलून ते पुन्हा करावे लागले.